आठ झाल्याशिवाय वजन वाढवायचं नाही

बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि अंगाने नुसता काडी पैलवान. शाळेत कारकुनी करायचो. दिवसभर खुर्चीत बसून दाखले लिहायचे आणि संध्याकाळी सायकल हाणत घरी यायचं, एवढाच काय तो व्यायाम. बाबा मात्र दांडगे. जन्मभर वाडीत राबलेले, केळीचा घड खांद्यावर टाकून बांधावरून चालत जाणारे. एका सकाळी विहिरीपाशी पडले ते डावी बाजू घेऊनच पडले. हात गेला, पाय गेला, तोंड जरा वाकडं झालं. बोलणं जड झालं, पण समजत होतं सगळं. तेच वाईट.

आता अशा माणसाला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायचं म्हणजे खेळ नव्हता. शौचाला बसायला भोक पाडलेली लाकडी खुर्ची सुताराकडून करून घेतली होती, खाटेच्या शेजारीच ठेवलेली, हातभर अंतरावर. पण ते हातभर अंतर आईला आणि मला मिळून पार करता येत नव्हतं. एकदा प्रयत्न केला तर आम्ही तिघंही खाली आलो आणि आईची कंबर आठ दिवस धरली. मग शेजारच्या वाडीतले दोघे भाऊ सकाळ-संध्याकाळ यायला लागले. देवमाणसं हो, त्यांना नावं ठेवणार नाही. एकाने काखेत हात घालायचे, दुसऱ्याने पाय धरायचे, आणि हुश्श करून बाबांना खुर्चीत ठेवायचं. मग बाहेर ओटीवर बिडी ओढत थांबायचं, झालं की परत उचलून खाटेवर.

एकदा त्यातला थोरला हसत म्हणाला, "काका, तुमच्यापेक्षा घड परवडला, निदान लुंगी तरी सोडत नाही." बोलण्यात काही नव्हतं. आम्ही सगळेच हसलो. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि उजव्या हाताने सुटलेली लुंगी धरायला बघत राहिले.

ते दोघे भाऊ गेल्यावर बाबा मला म्हणाले, "मला उचलायला माणसं बोलावू नकोस. इथंच घाण करीन. पण परका हात नको."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं. भाऊ दारात आले तर बाबांनी खाटेची कड अशी घट्ट धरली की कोणाला सोडवेना. आईने तोंडाला पदर लावला. मला इतका संताप आला, त्यांचा, माझा, माझ्या ह्या पापडासारख्या दंडांचा, की शाळेत न जाता मी सरळ व्यायामशाळेत गेलो.

व्यायामशाळा म्हणजे देवळामागची पत्र्याची शेड. आत मारुतीची तसबीर, वापरात नसलेला कुस्तीचा हौदा, दोन बाक आणि कोपऱ्यात लोखंड. चालवायचे एका हायस्कुलातले पी.टी.चे सर, स्वतः तरुणपणी वजन उचलून कप आणलेले. आवाज असा की पत्रा थरथरावा. पावसाळा तोंडावर होता, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर काढून झाकून ठेवलेल्या, त्यामुळे सगळी कोळ्यांची पोरं तिथं जमलेली. त्यातल्या एकाने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कोन रे तू? बगळ्याचा भाऊ?" सगळे हसले. पुढे हाच माझ्या पाठीशी उभा राहायचा, बार खांद्यावरून पडला तर धरायला. पण पहिल्या दिवशी त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली होती.

सरांना मी सरळ सांगितलं. "मला दंड-बिंड नकोत. मला एक माणूस उचलायचाय. बाबांना."

सर ओरडायचे थांबले. म्हणाले, "किती वजन आहे त्यांचं?"

"पाऊणशेच्या वर असेल."

"होईल. पण माझ्या पद्धतीने."

त्यांची पद्धत अशी. चार-पाचच प्रकार करायचे, पण ज्यात सगळं अंग एकदम लागतं असे. खांद्यावर बार घेऊन बैठक. जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं. बाकावर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलणं. उभ्याने डोक्यावर नेणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. आणि वजन वाढवायचा नियम एकच.

"पाच ते आठ," सर बोटं दाखवून म्हणाले. "ज्या वजनाने पाच निघतात तिथून सुरू. तीन सेट, म्हणजे मध्ये दम खाऊन तीन पाळ्या. आज पाच-पाच-पाच? मग पुढच्या खेपेला तेच वजन, पण एखादा सहावा काढायचा. मग सात. तिन्ही सेटांत आठ-आठ-आठ निघाले, पूर्ण खाली बसून, पाठ न वाकवता, की मगच वजन वाढवायचं. वाढवलंस की आकडा परत पाचावर घसरेल. घसरू दे. पुन्हा आठापर्यंत चढायचं. आधी आकडा, मग वजन. आठ झाल्याशिवाय प्लेटेला हात लावलास तर हात तोडीन."

त्यामागचं कारणही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक म्हणजे पाच किलो एकदम. नवशिक्याला ती उडी मोठी. रोज वजन वाढवत गेलं तर दोन-चार खेपांत अडकतोच. म्हणून त्याच वजनावर आकडा वाढवून आधी तेवढी ताकद कमवायची, मग उडी मारायची.

मी नुसत्या बारवर दोन छोट्या प्लेटा लावून सुरू केलं. तीस किलोसुद्धा नाही. बैठकीत पाच काढताना पाय लटलटत होते, आणि पाठीमागून तो कोळी म्हणत होता, "बस ना खाली, लाजतोस काय, कोनी बगत नाय." पण आकडा चढू लागला. पाच-पाच-पाचचे सहा-सहा-पाच, मग सात-सात-सहा. आठ-आठ-आठ झाले त्या दिवशी मी स्वतः जाऊन प्लेटा आणल्या आणि सर म्हणाले, "आता लाव." अहो, लग्न ठरल्यासारखा आनंद झाला मला.

मला धीर कुठला! बाबा रोज अंथरुणात करत होते. आई रोज धूत होती. तिसऱ्या आठवड्यात मी सरांची पाठ वळलेली बघून दहा किलो जादा लावले आणि जमिनीवरून उचलायला गेलो. दुसऱ्याच वेळेला पाठ वाकली आणि कमरेत अशी सणक भरली की तिथंच बसलो. सर आले, बघितलं. वाटलं मारतात. तर म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तू आडवा झालास तर बाबांना कोण उचलणार?" आठवडाभर नुसतं चालायला लावलं आणि मग वजन उतरवून सुरू करायला लावलं.

गणपतीपर्यंत बैठकीत पन्नासावर आलो. जमिनीवरून सत्तर उचलायचो. मग सरांनी एक पोतं आणवलं, वाळू भरलेलं. म्हणाले, "माणसाला बार नसतो. त्याला मिठी मारावी लागते." गुडघे कसे वाकवायचे, काखेखालून हात कसे घालायचे, छातीला छाती लावून, श्वास भरून पोट घट्ट करून, पायांनी कसं उठायचं, सगळं त्या पोत्यावर शिकवलं. कोळी म्हणायचा, "पोत्याचा मुका घेऊ नको, नुसता उचल."

एका सकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, बघू या?"

खाटेच्या कडेला बसवलं. माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांबाहेर. हात काखेतून पाठीमागे. त्यांचा उजवा हात माझ्या मानेवर. व्यायामशाळेतलं रोजचं पुराण मी त्यांना सांगायचोच, त्यामुळे माझ्या कानाशी त्यांचं जड तोंड पुटपुटलं, "पाठ सरळ." मी श्वास भरला आणि उठलो. उठलो हो! मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण आम्ही दोघं उभे होतो. कित्येक दिवसांनी बाबा उभे होते. वळलो, आणि त्यांना खुर्चीत टेकवलं. अलगद नाही, जरा आपटलेच.

बाबा खुर्चीत बसून ढसाढसा रडले. वारं गेलं तेव्हाही रडले नव्हते. म्हणाले, "आता त्यांना नको बोलावू हं." भाऊ अजूनही अधूनमधून विचारायला यायचे, त्यांच्याकडे जाऊन मी हात जोडून सांगितलं की आता मी बघतो. ते बिचारे मोकळे झाले.

तेव्हापासून आमच्या घराला एक नवंच वेड लागलं. संध्याकाळी मी व्यायामशाळेतून आलो की बाबा विचारायचे, "आज किती?"

"सात, सात, सहा."

"म्हणजे अजून वाढवायचं नाही."

"नाही."

"बरोबर आहे तुझा मास्तर. केळीला घाई करून भागत नाही." आणि मग आईला हाक, "ह्याला दूध दे. माझ्यातलं दे. मी काय, पडूनच असतो. तो वजन उचलतो."

मी प्यायचो. सरांनी सांगितलंच होतं की खाल्ल्याशिवाय ताकद येत नाही, दूध, अंडी, शेंगदाणे, मिळेल ते खा. घरी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि बाबांचं जेवण झालेलं असायचं. निदान मला तसं सांगितलं जायचं. "आम्ही जेवलो, तू जेव."

दिवाळीनंतर बैठकीत साठावर आलो आणि तिथंच रुतलो. सहा-पाच-पाच. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढे सहा-सहा-पाच, मग परत खाली. रात्री दोनदा उठून बाबांची कूस बदलायची, पहाटे वाडीत पाणी सोडायचं, मग शाळा. झोप कुठली. सर म्हणाले, "दोन आठवडे आकडा हलला नाही की हट्ट करायचा नाही. थोडं उतर, पुन्हा चढ." पंचावन्नावर आणलं. चढून साठावर आलो, तर परत सहावर अडकलो. जमिनीवरून उचलण्यातही तीच गत.

पण घरी? घरी मी भीम झालो होतो! बाबांना उचलताना मांड्या पेटायच्या बंद झाल्या. पौषात तर श्वाससुद्धा नीट भरावा लागत नव्हता. आता आपटत नव्हतो, पीस ठेवावं तसं खुर्चीत ठेवायचो. थंडी म्हणून बाबा दोन सदरे आणि वर स्वेटर घालून असायचे, गळ्याला मफलर. मी त्यांना उचलून म्हणायचो, "बघा बाबा, तुमचा पोरगा!" आणि ते हसायचे. वाकड्या तोंडाने, पण मनापासून हसायचे. "ताकद आली रे तुला," म्हणायचे. आई दाराशी उभी असायची, ती आत जायची.

हे मी एकदा सरांना मोठ्या फुशारकीने सांगितलं. त्या दिवशी पुन्हा सहा-पाच-पाच झाले होते आणि सर वैतागले होते. मी म्हटलं, "सर, इथं अडलंय खरं, पण घरी बघा. बाबांना आता लेकरासारखा उचलतो. ताकद वाढलीय, फक्त बारवर दिसत नाही."

सर प्लेटा उतरवत होते. हातातली प्लेट घेऊन तसेच उभे राहिले.

"बैठकीत किती दिवस अडकलायस?"

"दिवाळीपासून."

"उचलण्यात?"

"तिथंही."

"ताकद वाढली असती तर तिने इथं तोंड दाखवलं असतं, रे. तिला घर आणि व्यायामशाळा कळत नाही." मग एकदम खालच्या आवाजात, असा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं, म्हणाले, "बाबा जेवतात काय?"

कोळी माझ्यामागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्याने मला सगळं कळलं.

सायकल कशी चालवली देव जाणे. घरात शिरलो तो थेट चुलीपाशी. "आई, बाबा जेवतात?"

तिने वर पाहिलं नाही. भाताची पेज ढवळत राहिली.

"अगं, मी विचारतोय, जेवतात की नाही?"

"घास उतरत नाही त्यांना," ती म्हणाली. "आधी भात उतरेना. मग मऊ भात. आता पेजसुद्धा अर्धी परत येते. दिवाळीच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी." आता ती रडायला लागली. "म्हणाले, वारं गेलंय म्हणून गिळता येत नसेल, होईल बरं. आणि म्हणाले, पोरगं रोज येऊन सांगतंय की माझी ताकद वाढली. किती दिवसांनी ह्या घरात कोणीतरी खूश आहे. त्याला नको सांगू."

मी तिच्यावर ओरडलो. बाबांवर ओरडायला आत गेलो. स्वेटर वर केला, सदरा वर केला, आतला दुसरा सदरा वर केला. काय सांगू? रोज दोनदा ह्या छातीला छाती लावत होतो मी. दोन्ही बाजूंच्या फासळ्या मोजाव्यात अशा वर आल्या होत्या. पोट पाठीला लागलेलं. मला ओरडता आलंच नाही. बाबांनी उजव्या हाताने सदरा खाली ओढला आणि विचारलं, "आज किती?"

मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. नळी घालून बघितलं. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टर मराठीच होते, सज्जन होते, मला बाजूला घेऊन म्हणाले की आता फार उशीर झालाय, घरी न्या, त्रास कमी होईल असं बघू. घरी आणलं. खाटेवर ठेवलं. ठेवायला काही लागलंच नाही.

व्यायामशाळा सोडणार होतो मी. बाबांनी सोडू दिली नाही. "तू नाही गेलास तर संध्याकाळी मी विचारू काय?" म्हणाले. म्हणून जायचो. सर वजन कमी ठेवायचे, काही बोलायचे नाहीत. कोळ्याने तर चेष्टाच बंद केली माझी. त्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

आणि घरी मी एक नाटक सुरू केलं. बाबांना उचलताना आता कण्हायला लागलो. गुडघे नीट वाकवायचो, श्वास भरायचो, गाल फुगवायचो, आणि उठताना "आईगं" म्हणून धापा टाकायचो. खरं तर एका हातावर आले असते. पण मी म्हणायचो, "बाबा, अजून जड आहात हो."

"मग," ते म्हणायचे, "केळ्यांवर पोसलेलं शरीर आहे." आणि माझ्या कानाशी, "पाठ सरळ ठेव."

त्यांना ते नाटक कळत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी मला सांगितलं नाही. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसण्यापुरतेही राहिले नव्हते, तरी सकाळी उजवा हात वर करायचे, मला उचल म्हणून. आणि मी कण्हत, धापा टाकत उचलायचो.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी ते गेले. झोपेतच. घर माणसांनी भरलं. आमच्यात गेलेल्या माणसाला खाटेवर ठेवत नाहीत, जमीन सारवून खाली घेतात. बायकांनी जमीन सारवली. शेजारचे दोघे भाऊ पुढे आले, एक डोक्याकडे, एक पायांकडे, पूर्वीसारखेच. थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नका," मी म्हटलं. "हात लावू नका. मी उचलतो."

ते मागे सरले. मी खाटेपाशी बसलो. काखेखालून हात घातले. मान खांद्यावर घेतली. छातीला छाती लावली, श्वास भरला, पोट घट्ट केलं आणि उठता उठता कण्हलो. मोठ्याने कण्हलो. "आईगं" म्हटलं.

आई भिंतीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अरे, आता नको रे. आता ऐकत नाहीत ते."